आयपीटीजी घालूनही रंग शून्य? आधी कुपीतला जीवाणू तपासा

प्रश्न: एम.एस्सी. भाग दोनचा प्रकल्प आहे, लॅक ओपेरॉनचं इंडक्शन. ई. कोलाय के-१२, एम-९ माध्यम, १ मिलिमोलर आयपीटीजी. दोन तास वाढवून ओएनपीजी घालते, पण पिवळा रंग अजिबात येत नाही. लॅक्टोज घालूनही तेच. सर म्हणाले ग्लुकोजमुळे दबतंय, म्हणून ग्लिसरॉल घेतलं, तरी शून्य. आधी एम-९ मध्ये वाढच नव्हती, थायामिन घातल्यावर वाढायला लागलं. आयपीटीजीची नवी बाटली मागवू का?

उत्तर:

बाटली मागवू नका, निदान दोन दिवस तरी थांबा. तुमची पोस्ट वाचताना मला माझीच जुनी वही उघडल्यासारखं वाटलं. ग्लुकोज, मग ग्लिसरॉल, मग थायामिन, मग आयपीटीजीवर संशय, अगदी याच क्रमाने मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी घालवले आणि प्रबंध एक सत्र उशिरा दिला. आधीच सांगते, मी या विषयाची प्राध्यापक नाही. आता एंझाइमच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी करते. तुमच्या मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. पण हे चार महिने मी भोगलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ओपेरॉन म्हणजे काय, झेड-वाय-ए कुठे असतात, हे तुम्हाला येतंच, ते सोडून देते. तुमच्या पोस्टमधला एकच शब्द मला खटकला, तो म्हणजे 'शून्य'.

रिप्रेसर जनुकाला कुलूप लावत नाही. पेशीत त्याचे चौपदरी रेणू साधारण दहाच्या आसपास असतात. मुख्य ऑपरेटरला आणि शेजारच्या दुसऱ्या ऑपरेटरला एकदम धरून तो मधल्या डीएनएचा फास करतो. पकड घट्ट असते, पण कधीतरी सुटते, आणि तेवढ्या क्षणात एखाददुसरा आरएनए तयार होऊन जातो. त्यामुळे इंड्यूसर अजिबात नसलेल्या, धडधाकट लॅक असलेल्या संवर्धनातही थोडं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतंच. पेशी क्लोरोफॉर्म आणि एसडीएसने नीट उघडल्या आणि ओएनपीजी घालून तास-दोन तास ठेवल्या, तर फिकट पिवळी झाक दिसते. दाबलेला जनुक गळतो. नसलेला जनुक गळत नाही.

ही गळती फुकट जात नाही. लॅक्टोज स्वतः रिप्रेसरला सोडवत नाही, ते काम ॲलोलॅक्टोजचं. आणि ॲलोलॅक्टोज तयार करतं कोण? गळतीतून आलेलं तेच थोडं बीटा-गॅलॅक्टोसिडेज. लॅक्टोज आत आणणारी परमिएजही त्याच गळतीतली. म्हणजे झेड जनुक मुळातच बिघडलेला असेल तर लॅक्टोज कितीही ओता, इंडक्शनची सुरुवातच होणार नाही. आयपीटीजीला मात्र हा फेरा नाही. ते थेट रिप्रेसरला चिकटतं, एंझाइम त्याला तोडत नाही, आणि १ मिलिमोलरला परमिएज नसतानाही पुरेसं आत शिरतं. रिप्रेसरची ऑपरेटरवरची पकड त्याने ढिली होते.

आता ग्लुकोज. तुमच्या सरांचं म्हणणं चूक नाही, पण इथे ते पुरत नाही. ग्लुकोज दोन वाटांनी दाबतं. एक, ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन परमिएजला जाऊन अडवतं, त्यामुळे लॅक्टोज आतच येत नाही. दोन, सायक्लिक एएमपी कमी झाल्यामुळे कॅप प्रथिनाचा जोर मिळत नाही आणि आरएनए पॉलिमरेज मंद चालतं. आयपीटीजी वापरलं की पहिला अडथळा जवळपास निकामी होतो. उरतो दुसरा, आणि त्याने उत्पादन कमी होतं, नाहीसं होत नाही. म्हणून ग्लुकोज आणि लॅक्टोजच्या नळीत काहीच दिसलं नाही तर मी ग्लुकोजला दोष देईन. ग्लुकोज आणि आयपीटीजीच्या नळीत रंग कमी आला, तरीही देईन. पण ग्लिसरॉल आणि आयपीटीजी घालूनही शून्य? ते नियंत्रणाचं लक्षण वाटत नाही. तिथे चालू-बंद करायला एंझाइमच नाही.

मला हे कळलं ते योगायोगाने. शेजारच्या बाकावरच्या सीनियरने माझं संवर्धन भेसळीचं आहे का बघायला मॅकॉन्की आगारवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वसाहती फिक्या, रंगहीन. ई. कोलाय तिथे लॅक्टोज आंबवून गुलाबी-लाल व्हायला हवा. आम्हाला वाटलं दुसराच कुठलातरी जीवाणू शिरला. पुन्हा एकेकट्या वसाहतीपासून केलं, सगळ्याच फिक्या. मग फ्रीझरच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेली जुनी यादी सापडली, आणि माझ्या कुपीच्या क्रमांकासमोर लिहिलं होतं `DH5α`.

हा क्लोनिंगसाठी मुद्दाम बनवलेला वाण आहे. त्याच्या गुणसूत्रावरचा लॅक भाग कापून टाकलेला असतो, `Δ(lacZYA-argF)U169`, आणि सोबत झेडचा एक तोकडा तुकडा असतो, `lacZΔM15`. त्या तुकड्यात सुरुवातीची काही अमिनो आम्लं नसतात, त्यामुळे एकट्याने तो काम करत नाही. प्लाझमिडवरून अल्फा तुकडा आला तरच दोघं मिळून एंझाइम होतं, निळ्या-पांढऱ्या वसाहतींचा खेळ त्यावरच चालतो. प्लाझमिड नसेल तर आयपीटीजीची अख्खी बाटली घाला, पिवळं काही होणार नाही. आणि हो, `DH5α` हाही के-१२ चाच वंशज. म्हणजे कुपीवरचं 'ई. कोलाय के-१२' खोटं नव्हतं, फक्त निरुपयोगी होतं.

तुमच्या पोस्टमधला थायामिनचा उल्लेख म्हणूनच मला महत्त्वाचा वाटला. `DH5α` मध्ये `thi-1` हा दोष आहे, त्याला एम-९ मध्ये थायामिन लागतं. `MG1655` सारख्या जवळपास मूळ वाणाला लागत नाही. हा पुरावा नव्हे, कारण `thi-1` इतर बऱ्याच के-१२ वाणांतही आहे. पण शून्य रंग आणि थायामिनची गरज एकत्र आली की मी आधी कुपीवर संशय घेईन.

आता माझा राग. ती कुपी मला संस्थेच्या संवर्धन विभागातून मिळाली होती. डिसेंबरमध्ये मी लेखी विचारलं की या वाणाचा जीनोटाइप काय. उत्तर आलं, "के-१२ आहे, कुपीवर लिहिलंय ना." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज मागितला. अर्ज दिला, तर नोंदवहीत फक्त क्रमांक आणि तारीख. ती यादी त्यांच्याच डब्याच्या झाकणाखाली होती, आणि एकानेही झाकण उलटून पाहिलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी त्यांचा शब्द खरा धरून माध्यम बदलत राहिले. माझी सगळ्यात महागडी चूक हीच. संवर्धन देणाऱ्याने जीनोटाइप सांगितला नाही, तर ते संवर्धन ओळख न पटलेलं समजावं, असं माझं ठाम मत आहे. कुणाला हे टोकाचं वाटेल, वाटू दे.

तुम्ही उद्या हे करा. मॅकॉन्कीवर तुमचं संवर्धन आणि शेजारी लॅक धडधाकट असल्याची खात्री असलेला एखादा ई. कोलाय, दोन्हींची रेघ मारा. ३७ अंशांना १८ ते २४ तासांत बघा. त्याच वेळी एम-९ मध्ये कार्बनसाठी फक्त लॅक्टोज घालून (थायामिन ठेवून) वाढ होते का पाहा. वसाहती फिक्या आणि लॅक्टोजवर वाढ नाही, तर प्रश्न मिटला, वाण बदला. नवा वाण पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून मागवा किंवा चंदीगडच्या एमटीसीसीतून, मागणीत 'लॅक धन' असं स्पष्ट लिहा आणि जीनोटाइप मागून घ्या. वसाहती गुलाबी आल्या तर मी चुकले, मग पेशी उघडतायत का ते बघा आणि विभागात शुद्ध बीटा-गॅलॅक्टोसिडेज असेल तर त्याचा थेंब ओएनपीजीत टाकून अभिकर्मक तपासा.

वाण बरोबर असला की आकडे कसे दिसावेत याचा अंदाज असू द्या. सूत्र हे:

```
Miller units = 1000 × (OD420 − 1.75 × OD550) / (t × v × OD600)
```

`t` मिनिटांत, `v` म्हणजे घेतलेलं संवर्धन मिलिलिटरमध्ये. समजा दोन्ही नळ्यांचं `OD600` ०.५ आहे. आयपीटीजीच्या नळीतून ०.१ मिलि घेतलं, १० मिनिटांत थांबवलं, `OD420` ०.६० आणि `OD550` ०.०२ आलं. वर ०.५६५ उरतात, खाली ०.५, उत्तर ११३०. इंड्यूसर नसलेल्या नळीतून मात्र ०.५ मिलि घ्या आणि पूर्ण ६० मिनिटं द्या. तिथे `OD420` ०.०५ आणि `OD550` ०.०२ आलं तर वर ०.०१५, खाली १५, उत्तर १. म्हणजे हजारपट फरक. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण धडधाकट वाणात फरक साधारण याच पायरीचा असतो. दोन्ही नळ्यांना सारखीच १० मिनिटं दिलीत तर ती एक युनिट तुम्हाला शून्यच दिसेल, आणि गळती आहे की एंझाइमच नाही हे सांगता येणार नाही. माझ्या वहीत चार महिने नेमकं तेच झालं होतं.

एक बारीक गोष्ट. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीनच्या नळीला आणि क्युव्हेटला खातं, प्लास्टिक धुरकट होतं आणि `OD420` उगाच वाढतं. काचेची नळी वापरा, सोडियम कार्बोनेटने थांबवल्यावर क्लोरोफॉर्म तळाशी बसू द्या, मगच वरचा भाग वाचा. झेड बफरमधलं मर्कॅप्टोइथेनॉल धूरकपाटातच हाताळा.

मॅकॉन्कीचा फोटो इथे टाका, रेघेच्या सुरुवातीचा नको, एकेकट्या वसाहती दिसतील असा.