‘u कायम ऋण’ हे वाक्य वहीतून खोडून टाक

प्रश्न: “बारावीला आहे, इंदूरलाच. बहिर्वक्र भिंगाचा f २० सेमी, वस्तू त्याच्या डावीकडे ३० सेमीवर. भिंगाच्या मागे ४० सेमीवर अंतर्वक्र भिंग, f ३० सेमी. शेवटची प्रतिमा कुठे? चिन्हं सगळी नियमाने घातली, u ऋण, अंतर्वक्राचा f ऋण, तरी v = −12 येतं. पुस्तकात +60 आहे. आकृतीत पण प्रतिमा उजवीकडेच येतेय. तीनदा केलं. चूक कुठे होतेय?”

हे −12 बघितलं आणि माझी बारावीची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर उभी राहिली. आकडे थोडे वेगळे होते, पण भिंगांची जोडी हीच आणि चूकही हीच. तुझ्यासारखीच माझी आकृती बरोबर आली होती. मी मात्र सूत्रावर विश्वास ठेवला, आकृती खोडरबरने पुसली आणि उत्तराला जुळेल अशी दुसरी काढली. कागदाला तिथे भोक पडायचं बाकी होतं. प्रश्नाचे सगळे गुण गेले. आकृती तशीच ठेवली असती तर निदान तिचे मिळाले असते.

आधी हे सांगते की मी शाळेत शिक्षिका नाही. रामबागेत घरी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. तपासणारे गुण कसे देतात ते मी सांगू शकत नाही. प्रकाशाचं काय होतं तेवढं सांगते.

पहिलं भिंग तू बरोबर सोडवलंस, नाहीतर −12 आलंच नसतं. त्याची प्रतिमा ६० सेमीवर उजवीकडे, म्हणजे दुसऱ्या भिंगाच्या पलीकडे २० सेमीवर. इथपर्यंत काही भांडण नाही. पुढच्या ओळीत तू u = −20 लिहिलंस, आणि सगळं गणित तिथे बिघडलं.

दुसऱ्या भिंगाजवळ उभी आहेस असं धर आणि डावीकडून येणारे किरण बघ. एरवी वस्तूपासून निघालेले किरण पसरत येतात. हे मात्र पहिल्या भिंगाने वळवलेले आहेत, म्हणून एकमेकांच्या जवळ येत येताहेत आणि तुझ्या पाठीमागे २० सेमीवर मिळणार आहेत. ते अजून मिळालेले नाहीत आणि तिथे मिळणारही नाहीत, कारण मध्ये हे भिंग आडवं आलं. तरी या भिंगासाठी ‘वस्तू’ म्हणजे तोच बिंदू. तो उजवीकडे आहे, प्रकाश ज्या दिशेने चाललाय त्याच दिशेला. म्हणून u = +20. आपल्याकडे हिंदी माध्यमात याला आभासी वस्तू किंवा काल्पनिक बिंब म्हणतात. नाव काहीही म्हण, अंतर भिंगापासून मोज आणि बाण कुठल्या बाजूला जातो ते बघ.

1/v − 1/u = 1/f
1/v = −1/30 + 1/20 = 1/60
v = +60 सेमी

तुझ्या u = −20 ने हेच −1/30 − 1/20 होतं, म्हणजे −1/12. भिंग तेच आणि सूत्रही तेच, फरक फक्त त्या एका चिन्हाचा.

सूत्र न लावताही हे ओळखता येतं, आणि मला वाटतं प्रत्येक उत्तरानंतर एवढं बघायलाच हवं. भिंगावर पडताना किरणांचा जवळ येण्याचा जोर 1/20 आहे. अंतर्वक्र भिंग त्यातून 1/30 काढून घेतं. 1/60 शिल्लक राहतो, म्हणजे किरण अजूनही एकत्र येताहेत, फक्त उशिरा, २० ऐवजी ६० सेमीवर. भिंगाचा f २० असता तर शिल्लक शून्य, किरण समांतर बाहेर पडले असते. १५ असता तर उणे, आणि तेव्हा कुठे प्रतिमा डावीकडे, आभासी आली असती. म्हणजे २० हा काठ आहे. तुझं भिंग ३० चं, काठाच्या अलीकडचं, त्याला डावीकडे प्रतिमा देणं शक्यच नाही. (गॅलिलिओने १६०९ मध्ये केलेल्या दुर्बिणीत डोळ्याजवळ अंतर्वक्र भिंगच होतं, आणि ते या काठावर बसवलेलं असतं. वस्तुभिंगाची प्रतिमा बरोबर त्याच्या पलीकडच्या नाभीवर पडणार असते, म्हणून किरण समांतर होऊन डोळ्यात जातात.)

आता आकृती. ही मी मुलांकडून ग्राफपेपरवरच काढून घेते, खजुरी बाजारातून एकदाच गड्डी आणायची. आडवं १ सेमी म्हणजे १० सेमी धर, उभं जसंच्या तसं. वस्तू १ सेमी उंच. तिच्या टोकापासून एक किरण पहिल्या भिंगाच्या डावीकडच्या नाभीतून ने. तो भिंगावर अक्षाच्या २ सेमी खाली पडतो आणि तिथून अक्षाला समांतर जातो. दुसऱ्या भिंगावरही तो २ सेमी खालीच पोचतो. आता दुसऱ्या भिंगाच्या डावीकडची नाभी, म्हणजे त्याच्या आधी ३० सेमी, तिथे पट्टी ठेव आणि तो किरण जणू त्या नाभीतून आला असं दाखवत बाहेर काढ. मागचा भाग तुटक रेषेने.

दुसरा किरण दुसऱ्या भिंगाच्या मध्यातून जाणारा, न वळता. तो पहिल्या प्रतिमेच्या टोकाच्या दिशेने चाललाय, म्हणजे मध्यापासून २० सेमी पुढे, २ सेमी खाली. तीच रेषा सरळ पुढे वाढव. दोन्ही किरण दुसऱ्या भिंगापासून ६० सेमीवर, अक्षाच्या ६ सेमी खाली मिळतात. विवर्धन बघ: पहिल्याचं −2, दुसऱ्याचं v/u = 60/20 = +3, गुणाकार −6. पट्टीनेही ६ सेमीच येतात, उलटी प्रतिमा. पहिली प्रतिमा जिथे पडणार होती तिथे वस्तूचा बाण तुटक काढ, ठळक नको. माझ्या पुसलेल्या आकृतीत तो तुटक बाण होता. त्याच्याकडे नीट बघितलं असतं तर तो भिंगाच्या उजवीकडे आहे हे दिसलं असतं.

मग मी का नाही बघितलं? कारण आमच्या कोचिंग क्लासने सूत्रांचा एक रंगीत कागद दिला होता, प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं: u हमेशा ऋणात्मक. क्लासचं नाव घेत नाही. दहावीपर्यंत ते वाक्य खरंच चालतं, कारण तिथे एकच भिंग किंवा एकच आरसा, आणि समोर मेणबत्ती नाहीतर पेन्सिल. खरी वस्तू नेहमी प्रकाश येतो त्या बाजूलाच असते. तो त्या उदाहरणांचा गुण आहे, नियम नाही. नियम एवढाच की अंतरं भिंगाच्या मध्यापासून किंवा आरशाच्या ध्रुवापासून मोजायची, आणि प्रकाशाच्या दिशेने असेल तर धन, उलट असेल तर ऋण. क्लासने तो कागद वर्षानुवर्षं तसाच छापला. निकालानंतर मी विचारायला गेले तर म्हणाले, असा प्रश्न येत नाही. माझ्या पेपरात आलेला होता, मी तो त्यांना दाखवत होते. त्याचा राग मला अजून येतो. पोरं ते वाक्य पाठ करून बसतात आणि त्यांची बरोबर आकृतीसुद्धा त्यांना चुकीची वाटायला लागते.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. मी हे प्रयोगशाळेत स्वतः केलं होतं. बारावीत बहिर्वक्र भिंगाच्या मदतीने अंतर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग असतो. तुझी फाइल उघड. आधी एकट्या बहिर्वक्राची प्रतिमा पिनेवर धरायची, मग मध्ये अंतर्वक्र भिंग सरकवायचं, प्रतिमा मागे जाते, पिन मागे नेऊन लंबन घालवायचं. अंतर्वक्रापासून पहिल्या जागेचं अंतर u, दुसऱ्या जागेचं v, आणि

f = uv/(u − v)

यात u = 20, v = 60 घाल. 1200/(−40), f = −30. दोन्ही अंतरं धन घातली की f आपोआप ऋण येतो. हे सूत्र मी फाइलमध्ये सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, सही घेतलेली होती, आणि त्यात u धन आहे हे लक्षातच आलं नव्हतं. पिन भिंगाच्या पलीकडे होती, मी डोळ्यांनी बघितली होती. तुझ्या गणितातली भिंगं प्रयोगशाळेत मिळत असतील तर सरांना विचारून एकदा बाकावर मांडच. ६० सेमीवर पडदा धरलास की प्रतिमा पडद्यावर येईल. −12 असती तर ती पडद्यावर आलीच नसती.

आणखी एक, कारण तुझ्या पुढच्या गणितात हे येणारच. जे काढायचंय त्याला आधीच चिन्ह देऊ नकोस. “प्रतिमा डावीकडे येणार हे मला माहीत आहे” म्हणून v च्या जागी −v लिहिणारी मुलं दरवर्षी असतात, आणि मग सूत्रातून आलेलं चिन्ह त्यांना दुसऱ्यांदा लागतं. माहीत असलेल्या आकड्यांना चिन्ह, अज्ञाताला फक्त अक्षर. काही जण चिन्हांऐवजी प्रत्येक प्रसंगासाठी वेगळं सूत्र पाठ करतात. माझं स्पष्ट मत आहे की ते करू नये, जोडीच्या गणितात कुठलं लावायचं तेच कळत नाही. कुणाला जमत असेल तर असो.

आरशाकडे वळशील तेव्हा सूत्रात अधिक (1/v + 1/u = 1/f) आणि विवर्धनात उणे (m = −v/u) आहे एवढं बघ. बाकी बाण तेच. मी हे देते ते करून इथेच उत्तर टाक: एकत्र येत असलेले किरण बहिर्वक्र आरशावर पडताहेत, आरसा नसता तर ते त्याच्या मागे २० सेमीवर मिळाले असते. आरशाचा f ३० सेमी. बहिर्वक्र आरसा नेहमी आभासी प्रतिमाच देतो, हेही त्या कागदावर छापलेलं होतं. u आणि f दोन्ही धन घे, v = −60 येतं का बघ, आणि आरशाच्या समोर ६० सेमीवर पडदा धरला तर त्यावर काय दिसेल ते आकृती काढून सांग.