क्लासचे ३८ हजार की दोन वर्षांचा घरखर्च?

प्रश्न: मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे, पगार १६ हजार. नवरा ड्रायव्हर, त्यांना २२ हजार मिळतात. घरखर्च ३३ हजार, एफडी १ लाख २० हजारांची. मुलगा नववीत आहे. माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालंय. बी.एड. करून इंग्रजी शाळेत शिकवायचंय. मार्चमध्ये सीईटी आणि इंग्रजीची ईएलसीटी आहे. रात्री दहानंतर ओट्यावर पुस्तक ठेवून अभ्यास करते, पण भीती जात नाही. एक क्लास ३८ हजारांत स्पोकन इंग्लिश शिकवतोय, बारा बिनव्याजी हप्त्यांत. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, ताई. ईएलसीटीत कोणी तुम्हाला बोलायला लावत नाही. कॉम्प्युटरवर ५० प्रश्न येतात, वेळ एक तास. उतारा वाचून उत्तर, शब्दांचे अर्थ, वाक्यरचना, सगळे बहुपर्यायी प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. भीती बोलण्याची आहे, पेपर वाचनाचा आहे, आणि क्लास त्या भीतीचे पैसे घेतोय. बोलण्याचा सराव लागेलच, पण तो बी.एड.च्या पाठांच्या वेळी.

शिवाय ते हप्ते म्हणजे फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी असाच क्लास दोन महिन्यांत सोडला. ड्युटी बदलली, जमेना. क्लास बंद झाला, हप्ते मात्र पुढचे दहा महिने खात्यातून कापले जात राहिले.

आता अभ्यासाचं. रोज रात्री एकच उतारा घ्या, घड्याळ लावून सोडवा. वहीत तीन रकाने आखा: शब्द अडला, व्याकरण चुकलं, वेळ संपली. प्रत्येक चूक ज्या त्या रकान्यात टाका. सहा आठवड्यांनी व्याकरणाचा रकाना तेवढाच भरत असेल, तर शेजारपाजारच्या एखाद्या शिक्षिकेकडे तासाच्या हिशेबाने तेवढंच शिकून घ्या. वेळेचा रकाना भरत असेल तर पैसे खर्च करून काही होणार नाही, रविवारी सकाळी डोकं ताजं असताना पूर्ण पेपर सोडवा. दिवसभर काउंटरवर बसून आल्यावर रात्री साडेदहाला होणाऱ्या चुका कित्येकदा थकव्याच्या असतात, इंग्रजीच्या नाही.

मला खरी काळजी परीक्षेनंतरची वाटते. बी.एड. दोन वर्षांचं पूर्णवेळ आहे. वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, त्यामुळे लॅबची नोकरी सुटणारच. मग घरात येणार २२ हजार, जाणार ३३ हजार. महिन्याला ११ हजारांची तूट, २४ महिन्यांत २ लाख ६४ हजार. क्लासचे ३८ हजार म्हणजे यातले जवळजवळ साडेतीन महिने.

यंदाच प्रवेश घेऊन शिकायला लागलात तर आजची एफडी ११ महिन्यांत संपेल. नेमकं दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर, जेव्हा सोळा आठवडे सलग शाळेत काढायचे असतात आणि बाजूला काही कमावणं सर्वांत कठीण असतं. अभ्यासक्रम अर्धवट सुटण्याची भीती मला तिथे वाटते.

म्हणून माझं मत असं की या मार्चची परीक्षा जरूर द्या, पण सराव म्हणून. प्रवेश पुढच्या वर्षी घ्या, तेव्हा पुन्हा सीईटी द्यावी लागेल. सध्या महिन्याला ५ हजार उरतात, ते बारा महिने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. ६० हजार वाढून १ लाख ८० हजार होतील. उरलेले ८४ हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार, संध्याकाळी घरी चार-पाच लहान मुलांची शिकवणी घेऊन निघू शकतात. तोवर मुलाची दहावीही झालेली असेल. एक वर्ष थांबणं जिवावर येईल, मला कळतं, पण मी तुमच्या जागी असते तर थांबले असते.

कॉलेजची फी या हिशेबात नाही. ती शैक्षणिक कर्जातून भागवा, त्याचा हप्ता शिक्षण संपल्यानंतर सुरू होतो. महाडीबीटीवर तुमच्या प्रवर्गाला काय सवलत आहे ते अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

आणि एक काम याच महिन्यात करा. तुमच्या भागातल्या तीन इंग्रजी शाळांत जाऊन सहावीच्या पुढच्या वर्गांना शिकवणाऱ्या नव्या शिक्षिकेला हातात किती पगार मिळतो ते विचारा. सहावीच्या पुढचं अशासाठी, की ऑगस्ट २०२३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. तिन्ही आकडे १६ हजारांच्या खाली निघाले, तर मला पुन्हा लिहा. मग आपण हा हिशेब नव्याने मांडू.