असोसिएशनच्या मीटिंगमध्ये बिलांचे फोटो कसे काढावेत यावर बोलायचंय. सॉफ्टवेअरला आकडे नीट वाचता यावेत म्हणून काय सांगू? चांगला मोबाईल घ्यायला सांगू का?

मोबाईलचा विषयच काढू नका. गेल्या पाच-सहा वर्षांतला साधा फोनही या कामाला पुरतो. एवढं ठासून सांगते, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या दादाचं दोन वर्षं वाजलंय.

दादाचं अमळनेरला पाइप-फिटिंगचं दुकान आहे, हिशेब आणि जीएसटी मी बघते. फोटो टाकला की बिलातले आकडे आपोआप भरणारं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं आणि पहिल्याच महिन्यात खरेदी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, जुळेना. दादा म्हणाला, कॅमेरा हलका आहे. महागडा फोन आणला. चुका तेवढ्याच राहिल्या. मग एका रविवारी चुकलेली सगळी बिलं घेऊन मी जमिनीवर मांडून बसले, तेव्हा ध्यानात आलं की बहुतेक चुका कागदाच्या घडीवर होत्या.

त्यातलं जळगावहून आलेलं एक बिल अजून डोळ्यासमोर आहे. दादाने चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. करपात्र रक्कम १८,६००, सीजीएसटी १,६७४, एसजीएसटी १,६७४, एकूण २१,९४८. उभी घडी नेमकी करपात्र रकमेवरून गेलेली. छापलेल्या इंग्रजी आठाची डावी बाजू घडीच्या सावलीत बुडाली की उरतो तो तीन, म्हणून सॉफ्टवेअरने वाचलं १३,६००. ही चूक पकडता येते, कारण १३,६०० चे नऊ टक्के १,२२४ होतात, १,६७४ नाही. पण बिलाचा नंबरही त्याच घडीवर होता. ४३१८ चा ४३१३ झाला आणि तसाच आत गेला. जीएसटी नंबराचं शेवटचं, पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून ठरतं, रकमांना बेरीज असते, पण बिल नंबराला असा कुठलाच ताळा नाही. तो फोटोतच स्वच्छ यावा लागतो.

मागच्या वर्षी आमच्या इथल्या व्यापारी असोसिएशनने बोलायला बोलावलं, तेव्हा हेच बिल घेऊन गेले. सुरुवात मी उजेडापासून केली आणि ते चुकलं, लोक आपापल्या फोनमध्ये गेले. मग एक आबा उठून म्हणाले, "ताई, मना मोबाईल नवा शे, तरी बी वाचस नई." त्यांच्याच खिशातलं बिल मागितलं. ते तसंच टेबलावर ठेवून एक फोटो काढला. मग घड्या उलट्या दुमडल्या, टेबलाच्या कडेवरून कागद दोनदा ओढला, चारही कोपऱ्यांवर तराजूची छोटी वजनं ठेवली आणि त्याच फोनने, त्याच जागी दुसरा काढला. पहिल्यात मधल्या ओळीचा दर खालच्या मालाला चिकटला होता, दुसऱ्यात सगळं जागच्या जागी. त्यानंतर सगळे टेबलाभोवती आले.

तुम्हीही सपाटपणापासूनच सुरू करा. फोन तिरका धरला तर कागदाच्या चार कोपऱ्यांवरून सॉफ्टवेअर तो सरळ करून घेतं, पण त्यासाठी कागद एका पातळीत आहे असं ते गृहीत धरतं. चार घड्यांच्या बिलात चार उतार असतात. ओळी वाकतात आणि कुठला आकडा कुठल्या ओळीतला हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून थोडा तिरकेपणा निभावतो, घडी निभावत नाही. सपाट करायला वर काच ठेवू नका, ट्यूबलाइट तिच्यात चमकते. पंखा बंद करा. बिलं तारेला टोचायची पद्धत आहे ना आपल्याकडे, ती फोटोनंतर. आमच्याकडे एका बिलाची एकूण रक्कम भोकातच गेली होती.

उजेडाचं मी एकाच कसोटीवर आणलं. बिलावर पेन्सिल उभी धरा. सावली काळी, धारदार पडली तर जागा बदला, फिकट पसरट पडली तर काढा फोटो. दुकानात ट्यूब डोक्यामागे असते, म्हणून आपली आणि फोनची सावली बिलावर येते. दुपारी ऊन उंबऱ्यापर्यंत आलं की त्याच्या दोन पावलं आत उभं राहा आणि दाराचा उजेड एका बाजूने घ्या. मात्र बाजूचा उजेड घडी आणखी उठवून दाखवतो, म्हणून कागद आधी सपाट. फ्लॅश कधीच नको. चकचकीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो, आणि डागाखालचे आकडे फोटोत आलेलेच नसतात, ते कोण कुठून आणणार.

कोनासाठी कोपरं टेबलावर टेका आणि स्क्रीनवर बघा. बिलाची वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड दिसत असेल तर फोन तिरका आहे. वरची अक्षरं बारीक येतात. सॉफ्टवेअर ती ताणून मोठी करतं, पण हरवलेला तपशील परत येत नाही. बिल गडद कापडावर ठेवा आणि चारही बाजूंना बोटभर कापड दिसू द्या.

आता मोबाईलचं. बारा मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू सुमारे ४,००० ठिपक्यांची असते. ए-फोर बिल पावणेबारा इंच लांब, म्हणजे फोटोभर बिल आलं की इंचाला साधारण ३४० ठिपके. छापील अक्षर वाचायला ३०० पुरतात. बिल अर्ध्याच फोटोत बसवलं तर १७० उरतात. आणि तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की लांब बाजू १,६०० च्या आसपास येते, म्हणजे पूर्ण बिल असूनही इंचाला १४० सुद्धा नाहीत. दादाचा महागडा फोन इथेच वाया जात होता. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे मात्र मीटिंगमध्ये दोनदा सांगा.

काही गोष्टी सपाट करूनही सुटत नाहीत. कार्बनची फिकट गुलाबी प्रत, हाताने मराठीत लिहिलेलं बिल, आकड्यावर बसलेला शिक्का, हे माणसानेच टाइप करावं. थर्मल कागदाचं बिल आलं त्याच दिवशी टिपा. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली राहिलं तर काळं पडतं, आणि सरळ करायला त्यावर इस्त्री फिरवली तरी तेच होतं. फोटो झाला म्हणून मूळ बिल फेकू नका. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं ठेवावी लागतात.

दादा अजूनही म्हणतो की नव्या फोनमुळे फरक पडला. फरक पडला तो त्याने खिशात बिलं ठेवणं सोडलं आणि गल्ल्याशेजारी पुठ्ठ्याची फाइल ठेवली तेव्हापासून. गेल्या तिमाहीत आमच्या खरेदीची तीन बिलं अडकली. तिन्ही त्याने प्रवासात घेतलेली, खिशातून आलेली.