दारात शिपाई अडकले म्हणून ए-स्टार काढू नका

प्रश्न: माझ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये युनिटची वाट शोधायला ए-स्टार हा अल्गोरिदम लावलाय, पण युनिट दारात एकमेकांना अडून उभे राहतात आणि गेम अडखळतो. ए-स्टार अडथळ्यांना वळसा कसा घालतो? तो काढून दुसरं काही लावू का?

काढू नका. असाच निर्णय मी ज्या स्टुडिओत काम करत होतो तिथे एका मीटिंगमध्ये झटक्यात घेतला गेला होता आणि तो चुकीचा होता, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो.

आधी वळशाचं बघू. ग्रिड म्हणजे नकाशाचे चौकोनी सेल, ओपन लिस्ट म्हणजे तपासायचे बाकी सेल, हे तुम्हाला माहीत असणार, म्हणून थेट उदाहरण घेतो. सरळ पावलाला 10, तिरक्याला 14. शिपाई (2,3) वर, जायचंय (6,3) ला, मध्ये x=4 वर y=2 ते 4 अशी भिंत. g म्हणजे इथवर आलेल्या पावलांची किंमत, h म्हणजे उरलेल्या वाटेचा अंदाज, dx आणि dy म्हणजे मुक्काम आडवा आणि उभा किती सेल लांब आहे ते. ए-स्टार दर वेळी सगळ्यात कमी f चा सेल आधी तपासतो. अंदाज असा काढायचा:

```
h = 10*(dx+dy) - 6*min(dx,dy)
f = g + h
```

सुरुवातीला h येतो 40. समोरचा (3,3) घेतला तर g 10, h 30, म्हणजे f अजूनही 40. तिथून पुढे भिंत. आता सगळ्यात स्वस्त उरतात (3,2) आणि (3,4), दोघांचा f 48. चाळीसचा अठ्ठेचाळीस झाला, ए-स्टारला भिंत कळते ती एवढीच. भिंतीचा आकार, तिची टोकं यातलं त्याला काही ठाऊक नसतं. सरळ वाट महागली की तो बाजूचे सेल उघडायला लागतो, f वाढत वाढत 68 पर्यंत जातो आणि (3,1), (4,1), (5,1) वरून वाट सापडते. कोपरा तिरका कापू दिलेला नाही हे गृहीत आहे. तो कापू दिलात तर शिपायाचा खांदा भिंतीतून जाताना दिसेल. आणि तिरकी चाल असताना h साठी नुसतं 10*(dx+dy) वापरू नका. एका तिरक्या पावलाची खरी किंमत 14 असताना तो 20 सांगतो, आणि अंदाज खऱ्यापेक्षा जास्त निघाला की सगळ्यात जवळची वाट मिळेलच याची खात्री राहत नाही.

आता दाराकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

आमचा गेम किल्ल्याला वेढा घालण्याचा होता. नकाशा 256 × 256, किल्ल्याला एकच दरवाजा, तोही दोन सेल रुंद. चाळीस शिपायांना आत जायचा हुकूम दिला की सुरुवातीला झकास चालायचं आणि पुढचे दोघे दारात लढायला थांबले की अख्खा गेम गचके खायचा. आमच्या सीनियरने कोणता कोड किती वेळ खातो ते दाखवणारा प्रोफायलर उघडला, ए-स्टारचं नाव सगळ्यात वर दिसलं आणि त्यांनी जाहीर केलं की हा अल्गोरिदम स्ट्रॅटेजी गेमला झेपत नाही, फ्लो फील्ड लिहायला घ्या, म्हणजे मुक्कामाकडे जायची दिशा प्रत्येक सेलसाठी एकदाच काढून सगळ्यांनी तीच वापरायची. मी म्हटलं, सर, तो नक्की कुठे शोधतोय ते तरी एकदा बघू. त्यांना ते वेळ घालवणं वाटलं.

मी बघितलंच. शोध संपल्यावर क्लोज्ड लिस्टमधले, म्हणजे तपासून झालेले, सगळे सेल नकाशावर लाल रंगवले. दार मोकळं असताना शिपायापासून दारापर्यंत आणि तिथून आत असा एक अरुंद लाल पट्टा दिसायचा. दारात दोघे उभे राहिले की तटाबाहेरचा सगळा मुलूख लाल! कारण उघड होतं. आमच्या कोडमध्ये शिपाई ज्या सेलवर उभा असेल तो सेल भिंतीसारखाच बंद धरला जात होता. दोन सेलच्या दारात दोघे उभे, म्हणजे नकाशाच्या हिशेबाने किल्ल्याला दारच नाही. आणि वाट अस्तित्वातच नसेल तर ते कळायला ए-स्टारला पोहोचता येण्यासारखा प्रत्येक सेल तपासून संपवावा लागतो. तिथे h काही कामाचा नाही. मागचे अडतीस जण हे करत होते, आणि वाट मिळाली नाही म्हणून पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच मागत होते.

दुसऱ्या नकाशात मागे चोरदरवाजा होता, तिथे वेगळाच तमाशा. पुढचं दार अडलं की सगळी तुकडी तटाला वळसा घालून मागे निघायची, अर्ध्यात पोहोचेपर्यंत पुढचं दार मोकळं व्हायचं, की सगळे परत माघारी. खेळणाऱ्याला वाटणार शिपायांना अक्कल नाही. अक्कल ठीक होती, त्यांना दाखवलेला नकाशा दर फ्रेमला बदलत होता. हार्ट, निल्सन आणि राफेल यांनी 1968 साली ही पद्धत मांडली ती शेकी नावाच्या रोबॉटच्या कामातून, आणि शोध चालू असेपर्यंत नकाशा जागचा हलत नाही हे तिच्यात धरलेलंच आहे.

म्हणून ग्रिडमध्ये फक्त न हलणाऱ्या गोष्टी ठेवा: तट, पाणी, झाडं, इमारती. चालता शिपाई अजिबात नको. बराच वेळ एका जागी थांबलेल्याच्या सेलची किंमत वाढवा, पण तो बंद करू नका, म्हणजे दुसरी वाट जवळ असेल तरच मागचा वळेल. समोर कोणी आडवा आला तर आधी थोडं थांबायचं, मग बाजूने सरकून बघायचं, आणि त्यानेही जमलं नाही तरच नवी वाट मागायची. हे काम ए-स्टारचं नाही, त्याच्या खालच्या थराचं आहे. 0 A.D. या मुक्त स्रोत गेममध्ये लांबची वाट काढणारा भाग आणि जवळच्या युनिटना चुकवणारा भाग असे वेगळेच लिहिलेत. कोड खुला आहे, वाचून बघा. 1998 च्या स्टारक्राफ्टमध्ये तर खनिजं वाहणारे कामगार सरळ एकमेकांतून आरपार जातात, कारण त्या गर्दीत त्यांना अडथळा धरलं असतं तर खाणीचं काम ठप्प झालं असतं.

दुसरं, नकाशा लोड होतानाच फ्लड फिलने, म्हणजे एका सेलपासून शेजारच्या मोकळ्या सेलांत पसरत जाऊन, प्रत्येक सेलला प्रदेशाचा नंबर देऊन टाका. शिपायाचा आणि मुक्कामाचा नंबर वेगळा असेल तर ए-स्टार चालवूच नका. शिपायाच्या प्रदेशातला मुक्कामाला सगळ्यात जवळचा सेल शोधा आणि तिथे पाठवा. इमारत उभी राहिली किंवा तट पडला की नंबर पुन्हा काढायचे. मी एवढे दोनच बदल केले आणि गचके गेले.

फ्लो फील्डच्या विरोधात मी नाही, हेही सांगतो. शेकडो युनिट एकाच ठिकाणी जाणार असतील तर प्रत्येकाची वाट वेगळी काढण्यात अर्थ नाही. 2010 च्या सुप्रीम कमांडर 2 ने फ्लो फील्ड वापरलं ते योग्यच होतं. खूप मोठ्या नकाशावरही साधा ए-स्टार पुरत नाही, नकाशाचे तुकडे पाडून वरच्या पातळीवर आधी शोधावं लागतं. पण आमच्या दारात फ्लो फील्डने काडीचा फरक पडला नसता. शिपायांचे सेल बंद धरले असते तर फ्लो फील्डलाही किल्ल्यात शिरायला वाट दिसली नसती, आणि तेही दर फ्रेमला नव्याने काढावं लागलं असतं. त्या मीटिंगमध्ये हे मला पूर्ण बोलू दिलं गेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

तुम्ही आज एवढं करा: दार अडलेलं असताना क्लोज्ड लिस्ट रंगवा. अख्खा नकाशा रंगला तर दोष तुमच्या ग्रिडचा आहे. अरुंद पट्टाच दिसला आणि तरी गेम अडखळत असेल, तर एका फ्रेममध्ये किती वाटा मागितल्या जातात ते मोजा आणि बाकीच्या रांगेत ठेवा.