दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू: समीकरण न मांडता

λ चं अख्खं वर्गसमीकरण मांडून अवयव शोधत बसू नकोस. दोन्ही आयगेनव्हॅल्यूंची बेरीज म्हणजे ट्रेस आणि गुणाकार म्हणजे डिटर्मिनंट, एवढं पुरतं. ट्रेसचा निम्मा m, डिटर्मिनंट p, की λ = m ± √(m² − p).

समज, पहिली ओळ 8, 4 आणि दुसरी 2, 6 आहे. ट्रेस 14, म्हणून m = 7. डिटर्मिनंट 48 − 8 = 40. मग 49 − 40 = 9, त्याचं वर्गमूळ 3. उत्तरं 10 आणि 4. हे तोंडी होतं.

गडबड होते ती डिटर्मिनंटच्या चिन्हात. वरच्या 4 च्या जागी −4 असेल तर डिटर्मिनंट 48 + 8 = 56. घाईत 40 च धरलंस तर पुन्हा 10 आणि 4 येतील आणि बेरीज-गुणाकाराचा ताळाही जुळेल, कारण तो तू चुकीच्या 40 शीच जुळवतोयस! म्हणून मी त्या ताळ्यावर विसंबत नाही. कर्णावरच्या दोन्ही संख्यांतून λ वजा कर आणि ओळी बघ. मूळ मॅट्रिक्समध्ये 10 वजा केल्यावर −2, 4 आणि 2, −4 उरतात. एक ओळ दुसरीच्या पटीत आहे, म्हणजे बरोबर. −4 असताना −2, −4 आणि 2, −4 उरतात. पट जुळत नाही, चूक तिथेच सापडते. खरं उत्तर 49 − 56 = −7 वरून 7 ± i√7. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली म्हणून बिचकू नकोस.

तीन बाय तीनला मात्र हे सूत्र चालत नाही. तिथे बेरीज आणि गुणाकार मिळूनही तिन्ही किमती ठरत नाहीत.