नोकरी शोधताय हे ऑफिसला नक्की कळतं कुठून?

«मॅडम, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत सात वर्षं क्वालिटीत आहे. आता बदल करायचाय. पण पोर्टलवर प्रोफाईल अपडेट केली की एचआरला लगेच कळतं, असं सगळे म्हणतात. आमच्याकडे एकाचं तसंच झालं आणि त्या वर्षी त्याला इन्क्रिमेंटच मिळालं नाही. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे हातची नोकरी धोक्यात घालता येत नाही. कुणाला कळू न देता शोधायचं कसं?»

तुमच्याच पट्ट्यातले एक गृहस्थ हाच घोर घेऊन माझ्याकडे आले होते. तेही क्वालिटीतले, पण सप्लायर क्वालिटीतले. आठवड्यातले निम्मे दिवस पुरवठादारांच्या कारखान्यांत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत सांगते.

ते आले तेव्हा पक्के खात्रीत होते की नौकरी डॉट कॉमनेच घात केला. जिना उतरता उतरता साहेबांनी त्यांना सहज विचारलं होतं, «काय, बाहेर काही बघताय वाटतं?» प्रोफाईल अपडेट करून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यांनी कंपनीला ब्लॉक केलेलं होतं, तरीही हा प्रश्न आला.

मी त्यांना मागे मागे जायला लावलं. बायोडेटा कुणाकुणाकडे गेला आणि त्यातल्या प्रत्येकाने पुढे कुणाला पाठवला असेल, एवढंच कागदावर लिहायचं. पहिली दोन नावं कन्सल्टंटची निघाली. त्यातल्या एकाने बायोडेटा न विचारता तळेगावच्या एका कंपनीत पाठवला होता. तिथले क्वालिटी हेड पूर्वी या गृहस्थांच्या साहेबांबरोबर एकाच कंपनीत होते. त्यांनी जुन्या ओळखीने फोन करून विचारलं, माणूस कसा आहे? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आपल्याकडे माणसं घेताना असे फोन सर्रास होतात. पोर्टलचा यात काही संबंध नव्हता.

तरी पोर्टलवरून कळू शकतं हेही खोटं नाही. ते कसं, हे समजलं की निम्मी भीती जाते. एचआर खाती पैसे भरून पोर्टलच्या बायोडेटा-साठ्यात शोधायची सोय घेतात. तुमच्या विभागात जागा निघाली की तुमचा एचआरवाला तिथे काय टाकणार? पीपीएपी, एपीक्यूपी, एट-डी असे क्वालिटीतले शब्द, पुणे, अनुभव पाच ते दहा वर्षं. आता या चाळणीतून सगळ्यात चपखल कोण उतरेल? त्याच विभागात बसलेली माणसं! बहुतेक वेळा कुणी पाळत ठेवलेली नसते. नवा माणूस शोधताना जुनाच समोर येतो. त्यात शोधणारा बहुधा ‘अलीकडे सक्रिय’ ही चाळणी लावतो, म्हणून नुकती हात लावलेली प्रोफाईल वर येते.

यावर कंपनी ब्लॉक करण्याची सोय आहे, आणि ती वापरायलाच हवी. पण ती नावावर चालते. आमच्या गृहस्थांची कंपनी मध्यंतरी एका परदेशी समूहाने विकत घेतली होती. त्यांनी जुनं नाव ब्लॉक केलं होतं, आणि एचआरचं खातं मात्र समूहाच्या नावावर होतं. म्हणजे कुलूप लावलं, पण भलत्याच दाराला. आम्ही जुनं नाव, नवं नाव, समूहाचं नाव आणि भगिनी कंपन्यांची नावं एकेक टाकून पाहिली आणि जी दिसली ती सगळी ब्लॉक केली. तुमच्या कंपनीला माणसं पुरवणारे नेहमीचे कन्सल्टंट माहीत असतील तर तेही त्या यादीत घाला. कन्सल्टंट स्वतःच्या खात्यातून शोधतो, त्यामुळे तुमची कंपनी ब्लॉक असली तरी तिच्यासाठी शोधणाऱ्या कन्सल्टंटला तुम्ही दिसता.

एवढं करूनही धाकधूक राहत असेल तर प्रोफाईल शोधातून पूर्ण लपवा आणि नेमक्या जागांना स्वतः अर्ज करा. रिक्रूटरचे फोन जवळपास थांबतील, शोध लांबेल. पण हप्ता भरणाऱ्या माणसाला दोन महिने जास्त लागले तरी परवडतात. मात्र अर्ज करताना एक सापळा असतो. ‘चाकणमधील नामांकित टियर-वन कंपनीसाठी’ अशी बिननावाची जाहिरात दिसली की थांबा. ती तुमच्याच कंपनीची असू शकते. कंपनीचं नाव विचारा आणि ते कळल्याशिवाय बायोडेटा पाठवू नका. नाव द्यायला खळखळ करणारा कन्सल्टंट सोडून दिला तरी नुकसान नाही.

कन्सल्टंटशी कसं बोलायचं याचा मजकूर आम्ही ठरवूनच टाकला. फोनवर बोलणं झालं की लगेच लेखी मेसेज: «माझा बायोडेटा कुठल्याही कंपनीला पाठवण्याआधी तिचं नाव मला कळवा आणि माझा होकार आल्यावरच पाठवा.» हा मेसेज म्हणजे काही करार नव्हे. पण तो गेल्यावर बहुतेक जण विचारतात, आणि जो विचारत नाही त्याच्याशी पुढे व्यवहार ठेवायचा नाही.

लिंक्डइनचं गणित वेगळं. तिथे Open to work चालू करताना ते कुणाला दिसावं हे विचारतात. सगळ्यांना दाखवलं तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते, ती तुम्हाला नकोच. Recruiters only निवडलं की पट्टी येत नाही, आणि तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये याची लिंक्डइन काळजी घेतं. पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, हे तेच स्पष्ट लिहितात. निदान तुमची सध्याची कंपनी प्रोफाईलमध्ये तिच्या अधिकृत पानाशी जोडलेली आहे का ते पाहा, नाहीतर कुणापासून लपवायचं हे त्याला ओळखता येणार कसं? प्रोफाईलला हात लावण्याआधी, केलेले बदल ओळखीच्यांना कळवण्याची सेटिंग बंद करा.

सेटिंग बरोबर असली तरी माणूस स्वतःच गाजावाजा करतो, हे मी फार पाहिलंय. वर्षानुवर्षं ओसाड पडलेली प्रोफाईल एका शनिवार-रविवारात नवा फोटो, नवी ओळ, दहा कौशल्यं लेवून उभी राहते. वर चार सहकाऱ्यांकडे शिफारस लिहून द्या म्हणून विनंती जाते. ती विनंती म्हणजे दवंडीच. शिफारस हवीच असेल तर जुन्या कंपनीतल्या माणसांकडून घ्या, आणि बदल महिन्याभरात थोडे थोडे करा.

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल तुम्हाला माहीत असेलच, त्यावर पोर्टल उघडायचं नाही आणि पोर्टलवर कंपनीचा ईमेल द्यायचा नाही. पण व्हॉट्सअ‍ॅप वेब लोक विसरतात. आमच्या गृहस्थांच्या लॅपटॉपवर ते कायम चालू असायचं, आणि त्याच लॅपटॉपवरून ते मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर रिपोर्ट दाखवायचे. ‘उद्या ११ वाजता इंटरव्ह्यू कन्फर्म’ एवढी एक ओळ कोपऱ्यात उगवली की संपलं. शोध चालू असेपर्यंत ते लॉगआउट.

मुलाखतींच्या वेळांसाठी तुमच्या भागाचा एक फायदा आहे. भोसरी-चाकणकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्यांची सुट्टी रविवारी, त्यांच्या मुलाखती तुम्ही गुरुवारी रजा न टाकता देऊ शकता. पहिली फेरी संध्याकाळी सातनंतर व्हिडिओवर मागा, नोकरीत असलेल्या उमेदवाराची ही मागणी कुणाला खटकत नाही. पुरवठादाराकडे जातो सांगून वाटेत मुलाखत उरकण्याचा मोह मात्र या गृहस्थांना झाला होता, तो मी मोडून काढला. नोकरी शोधणं हे गैरवर्तन नाही, पण कंपनीच्या कामाच्या वेळेत, कंपनीच्या गाडीने, खोटं कारण नोंदवून जाणं हे आहे. साहेबांना नाराजीसाठी कारण हवं असेल तर ते आयतं हातात देऊ नका. अर्ध्या दिवसाची रजा टाका, आणि कारण म्हणून ‘घरचं काम’ पुरतं.

मुलाखतीला जाण्याआधी समोर कोण बसणार ते विचारा, आणि तो पूर्वी कुठे होता ते लिंक्डइनवर पाहा, पण आपलं नाव न दिसणाऱ्या प्रायव्हेट मोडमध्ये. तुमच्या साहेबांच्या ओळखीतला निघाला तर सुरुवातीलाच सांगा: «सध्याच्या कंपनीत माझ्याबद्दल चौकशी ऑफरनंतरच करावी, तोपर्यंत आधीच्या कंपनीतल्या दोघांचे नंबर देतो.» पडताळणीच्या फॉर्मवरही सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क नको, असं नोंदवा. हे वाक्य बोलायला आमचे गृहस्थ फार अवघडत होते. प्रत्यक्षात समोरच्याने नुसती मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आता वेळ कधीची धरायची? तुमची भीती इन्क्रिमेंटची आहे, तर पत्र हातात पडेपर्यंत फक्त बायोडेटा तयार ठेवा, बाहेर पाठवू नका. नव्या ठिकाणी बोलणी बहुधा चालू पगारावरच होतात, त्यामुळे वाढीव आकडा कामाला येतो. त्या गृहस्थांपुढे आणखी एक तारीख होती. ३० सप्टेंबरला त्यांची पाच वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे ग्रॅच्युइटी. मूळ पगार ३६,४०० रुपये. त्याचे २६ भाग करून १५ दिवसांचे २१,००० होतात, आणि पाच वर्षांचे १,०५,०००. ऑफर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आली. नोटीस ६० दिवसांची, म्हणून ते म्हणाले, आत्ताच राजीनामा देतो, शेवटचा दिवस नोव्हेंबरात जाईल. पण त्यांच्या नेमणूकपत्रात कलम होतं की कंपनी नोटिशीचा पगार देऊन आधीच मोकळं करू शकते. तसं झालं असतं तर पाच वर्षं भरलीच नसती. आपल्याकडे नव्वद दिवसांची नोटीस इतकी रुळली आहे की नव्या कंपनीने डिसेंबरची तारीख कुरकुर न करता मान्य केली. त्यांनी १ ऑक्टोबरला राजीनामा दिला. तुमची सात वर्षं झालीत, तेव्हा ग्रॅच्युइटीची ही अडचण तुम्हाला नाही. पण आधीच मोकळं करण्याचं कलम तुमच्याही पत्रात आहे का ते पाहून ठेवा, आणि नव्या कंपनीच्या सहीशिक्क्याचं ऑफर लेटर आल्याशिवाय तोंड उघडू नका. डब्यावर रोज शेजारी बसणाऱ्या मित्राजवळसुद्धा.

एवढं सांभाळूनही कुणी थेट विचारलं तर? जिन्यातल्या प्रश्नानंतर आमच्या गृहस्थांनी घाबरून त्याच रात्री नौकरीवरची प्रोफाईल उडवायला घेतली होती. मी अडवलं. काल दिसत होती आणि विचारल्यावर आज गायब झाली, तर शंकेचं उत्तर आपणच दिलं असं होतं. प्रोफाईल तशीच राहू द्यावी, फक्त काही आठवडे हात लावू नये. आणि उत्तर खरं असेल तेवढंच, थोडक्यात द्यावं. साहेबांनी पुढे पुन्हा छेडलं तेव्हा ते म्हणाले, «कन्सल्टंटचे फोन येत असतात, सर. ठरवलं तर तुम्हालाच आधी सांगेन.» ऑक्टोबरमध्ये त्यांनी तसंच केलं. राजीनाम्याचा ईमेल एचआरला गेला तो साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर.