मल्टिग्रिडचा वेग ग्रिडच्या आकारावर का अवलंबून नसतो?

प्रश्न: पुण्यात एम.एस्सी. करतोय. पॉयसनसाठी जेकोबी वापरलं तर ग्रिड बारीक केल्यावर रखडतं, मल्टिग्रिड का रखडत नाही?

उत्तर: एक मिती घ्या, 64 भाग, जेकोबीचं डॅम्पिंग 2/3. त्रुटीतली θ वारंवारतेची लाट दर फेरीला `1 - (2/3)(1 - cos θ)` पटीने बदलते. θ हा π/2 ते π असेल, तर हा गुणक कधीच 1/3 च्या बाहेर जात नाही, आणि या आकड्यात h कुठेच नाही. सगळी खरी गंमत इथेच आहे. सर्वांत संथ लाटेचा गुणक मात्र 0.9992, 128 भागांवर 0.9998. तुमचं रखडतं ते इथे.

या संथ लाटा दुप्पट h च्या ग्रिडवर नीट दिसतात, म्हणून रेसिड्यूअल तिथे नेऊन दुरुस्ती काढायची. तिथे त्यांचा θ दुप्पट होतो; उरलेल्या संथ लाटा आणखी खालच्या ग्रिडवर. दुरुस्ती वर आणताना थोडा खडबडीतपणा येतो, तो शेवटची जेकोबी फेरी पुसते.

डॅम्पिंग 1 ठेवलंत तर θ = π ला गुणक -1, म्हणजे स्मूदिंगच नाही. दर व्ही-सायकलला रेसिड्यूअलचं गुणोत्तर छापा. ग्रिड दुप्पट केल्यावर ते 1 कडे सरकलं, तर आधी खालच्या ग्रिडवरचा h² तपासा, बहुधा तोच बदलायचा राहिलेला असतो.